चोवीस वॉर्ड, चोवीस पी-मूल्यं: खरी वाढ कुठली आणि योगायोग कुठला?

पावसाळा सरला की मुंबईत डेंग्यूच्या आकड्यांची वॉर्डवार तुलना सुरू होते. गेल्या वर्षीपेक्षा कुठे वाढ झाली, कुठे घट? तुलना करणारा प्रत्येक वॉर्डासाठी एक संख्याशास्त्रीय चाचणी लावतो, पी-मूल्य ०.०५ च्या खाली आलं की त्या वॉर्डासमोर लाल खूण करतो आणि यादी पुढे पाठवतो. त्या यादीतल्या किती खुणा निव्वळ योगायोगाने पडल्या असतील, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी पालिकेची जुनी २४ प्रशासकीय विभागांची रचना धरली आहे. खालचे रुग्णांचे आकडे आणि पी-मूल्यं मात्र हिशेब समजावण्यासाठी रचलेली आहेत, प्रत्यक्ष अहवालातली नाहीत.

एका वॉर्डाचं पी-मूल्य

एल विभाग, म्हणजे कुर्ला घ्या. समजा गेल्या पावसाळ्यात तापाच्या १,००० रुग्णांचं रक्त तपासलं आणि ६० जणांना डेंग्यू निघाला. यंदाही १,००० तपासले, पण १०५ जणांना निघाला. सहा टक्क्यांवरून साडेदहा टक्के. दोन प्रमाणांच्या तुलनेची नेहमीची चाचणी लावली तर पी-मूल्य सुमारे ०.०००३ येतं. याचा अर्थ असा: कुर्ल्यात खरोखर काहीच बदललं नसतं, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता दहा हजारांत तीन.

एकच वॉर्ड, एकच प्रश्न असता तर विषय इथे संपला असता. ०.०५ ची मर्यादा म्हणजे, काहीही बदललेलं नसताना वीस वेळांत एकदा खोटी घंटा वाजली तरी चालेल, अशी तयारी. आपण मात्र ही घंटा २४ ठिकाणी बांधली आहे. समजा एकाही वॉर्डात खरा बदल नाही. तरी सरासरी २४ × ०.०५, म्हणजे १.२ वॉर्डांवर लाल खूण पडणारच. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर एकही खोटी खूण न पडण्याची शक्यता ०.९५ चा २४ वा घात, म्हणजे जवळपास ०.२९. उरलेल्या ७१ टक्के वेळा किमान एक वॉर्ड विनाकारण यादीत येतो. त्या वॉर्डाचं मग कारणही पटकन सापडतं: तिथे मेट्रोचं खोदकाम होतं, पाण्याची पिंपं उघडी होती, नाला तुंबला होता. मुंबईत अशी कारणं कुठल्या वॉर्डात नसतात?

पायरी १: सगळी पी-मूल्यं एका रांगेत लावा

चोवीसही मूल्यं लहानाकडून मोठ्याकडे लावायची. एकही गाळायचं नाही, 'हे तर उघडच कामाचं नाही' असं वाटलं तरी नाही. आपल्या उदाहरणात पहिली आठ मूल्यं ०.०५ च्या खाली आहेत:

| क्रम | वॉर्ड | पी-मूल्य |
|---|---|---|
| १ | एल | ०.०००३ |
| २ | एम पूर्व | ०.००११ |
| ३ | जी उत्तर | ०.००२२ |
| ४ | एफ उत्तर | ०.००८९ |
| ५ | के पूर्व | ०.००९८ |
| ६ | एस | ०.०१९ |
| ७ | पी उत्तर | ०.०३१ |
| ८ | ई | ०.०४४ |

उरलेली सोळा मूल्यं ०.०७१ पासून ०.९७ पर्यंत पसरलेली आहेत. ती कामाची नाहीत असं वाटेल, पण पुढे त्यांच्याकडेच परत यायचं आहे.

पायरी २: कुठली चूक महाग पडते ते आधी ठरवा

ही पायरी संगणकावर होत नाही, म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात. दुरुस्तीच्या पद्धती दोन वेगळ्या गोष्टींची हमी देतात. पहिल्या गटातल्या पद्धती सांगतात: अख्ख्या यादीत एकही खोटी खूण असण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत राहील. दुसऱ्या गटातल्या सांगतात: यादीत जे येतील, त्यांत खोट्यांचं प्रमाण सरासरीने ५ टक्क्यांच्या आत राहील.

एखाद्या वॉर्डाचं नाव जाहीर अहवालात 'इथे परिस्थिती बिघडली' म्हणून छापलं जाणार असेल, त्यावरून कुणाला जाब विचारला जाणार असेल, तर एकही खोटी खूण परवडत नाही. तिथे पहिला गट. यादी वापरून फक्त धूरफवारणीचं आणि डासांच्या अळ्या शोधणाऱ्या पथकांचं वेळापत्रक ठरणार असेल, तर दहा वॉर्डांत एखादा चुकीचा निघाल्याने पथकाचे दोन दिवस वाया जातील, इतकंच. खरा वॉर्ड सुटला तर नुकसान मोठं. तिथे दुसरा गट. हा निर्णय पी-मूल्यं बघण्याआधी कागदावर उतरवा. आधी आकडे पाहून मग पद्धत निवडली तर ती निवड हीसुद्धा एक लपलेली चाचणीच होते.

पायरी ३ अ: एकही चूक नको असेल तर

सर्वांत जुनी वाट बोनफेरोनीच्या नावाने ओळखली जाते. ०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागा: ०.०५ ÷ २४ = ०.००२०८. याच्या आत जे असेल तेच खरं धरायचं. आपल्या रांगेत एल आणि एम पूर्व टिकतात. जी उत्तर ०.००२२ वर आहे, केसाच्या अंतराने बाहेर.

१९७९ मध्ये स्वीडनच्या स्टुरे होल्म यांनी याच हमीत थोडी जास्त पकड देणारी रीत मांडली. पहिल्या मूल्याला ०.०५ ÷ २४ ची मर्यादा लावा. ते टिकलं तर दुसऱ्याला ०.०५ ÷ २३, मग तिसऱ्याला ०.०५ ÷ २२, असं खाली उतरत जा. जिथे पहिल्यांदा अडखळाल तिथे थांबा, त्याखालचं काहीही घ्यायचं नाही. तिसऱ्या पायरीची मर्यादा ०.००२२७ येते आणि जी उत्तरचं ०.००२२ आत बसतं. चौथ्याची मर्यादा ०.००२३८, एफ उत्तरचं मूल्य ०.००८९, तिथे थांबायचं. म्हणजे होल्मने तीन वॉर्ड दिले, बोनफेरोनीने दोन, आणि खोट्या खुणेची हमी दोन्हीकडे तीच. दोन्ही पद्धतींना चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असण्याची अटही लागत नाही. त्यामुळे साधी बोनफेरोनी वापरण्याचं कारण फक्त एकच उरतं: ती तोंडी हिशेबाने होते.

पायरी ३ ब: थोड्या चुका चालणार असतील तर

दुसऱ्या गटाचा पाया बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये घातला. त्यांची रीत पाठ करण्याआधी एक साधा भागाकार समजून घ्या, कारण सगळी पद्धत त्यातच आहे.

समजा मर्यादा ०.०४४ ठेवली, म्हणजे आठही वॉर्ड घेतले. काहीच बदललेलं नसतं तर २४ पैकी सरासरी किती वॉर्ड या मर्यादेखाली आले असते? २४ × ०.०४४ = १.०५६. प्रत्यक्षात आले आठ. १.०५६ ÷ ८ = ०.१३२. म्हणजे आठांची यादी घेतली तर तिच्यातला सुमारे १३ टक्के भाग खोटा असण्याचा अंदाज धरावा लागेल. पहिल्या पाचांवर थांबलो तर? २४ × ०.००९८ = ०.२३५, भागिले ५ = ०.०४७. पाच टक्क्यांच्या आत. पद्धत एवढंच करते: असा भागाकार प्रत्येक क्रमावर करायचा आणि तो ठरवलेल्या प्रमाणाच्या आत राहील अशी सर्वांत लांब यादी घ्यायची.

'सर्वांत लांब' हे महत्त्वाचं. चौथ्या क्रमावर भागाकार २४ × ०.००८९ ÷ ४ = ०.०५३ येतो, म्हणजे पाच टक्क्यांच्या किंचित बाहेर. वरून खाली येणारा माणूस इथे थांबेल आणि तीनच वॉर्ड घेईल. ती चूक आहे. होल्मच्या रीतीत वरून उतरायचं आणि पहिल्या अडखळीला थांबायचं. इथे तळापासून वर यायचं आणि जो पहिला आत बसेल तिथे थांबायचं, मग त्याच्या वरचे सगळे आपोआप यादीत. पाचवा आत बसला, म्हणून चौथा एफ उत्तरही आला. हाताने गणित करणाऱ्यांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते.

थोडी जास्त सूट द्यायची असेल, समजा १० टक्के, तर सहावा एस विभाग म्हणजे भांडुपही येतो. त्याचा भागाकार ०.०७६ आहे. सातव्याचा ०.१०६, तो बाहेर.

एक्सेलमध्ये करायचं तर A स्तंभात १ ते २४ क्रम, B मध्ये चढत्या क्रमाने पी-मूल्यं, ओळ २ ते २५. C2 मध्ये पहिलं सूत्र टाकून खाली ओढा. D25 मध्ये दुसरं, आणि D24 मध्ये तिसरं टाकून ते वर D2 पर्यंत ओढा:

```
=B2*24/A2
=MIN(1,C25)
=MIN(C24,D25)
```

D स्तंभात जे मिळतं त्याला दुरुस्त पी-मूल्य म्हणतात. एफ उत्तर आणि के पूर्व, दोघांच्याही समोर ०.०४७ दिसेल. हे चुकून झालेलं नाही; पाचव्याच्या बळावर चौथा आत आला, त्याचीच ती नोंद आहे.

आर वापरत असाल तर:

```r
p <- c(0.0003,0.0011,0.0022,0.0089,0.0098,0.019,
       0.031,0.044,0.071,0.12,0.16,0.21,0.26,0.33,
       0.38,0.44,0.51,0.57,0.63,0.70,0.78,0.84,0.91,0.97)
round(p.adjust(p, method = "BH"), 4)
round(p.adjust(p, method = "holm"), 4)
```

इथे `method` लिहायला विसरलात तर आर मुकाट्याने होल्म लावतो. पायथनच्या `statsmodels` मधल्या `multipletests` ची न सांगता लागणारी पद्धत `hs` आहे, तीही पहिल्या गटातली. बेंजामिनी-हॉकबर्ग हवी तर `fdr_bh` असं स्पष्ट लिहावं लागतं. पद्धतीचं नाव न देता फक्त 'दुरुस्ती केली' असं लिहिणारे अहवाल बघितले की म्हणूनच शंका येते.

कुठे बिघडतं

पहिला आणि सर्वांत मोठा बिघाड: चाचण्यांची संख्या कमी मोजणं. समजा कुणी आधी २४ मूल्यं काढली, त्यातली ०.०५ च्या खालची आठ निवडली आणि दुरुस्ती फक्त त्या आठांवर लावली. आता आठव्या क्रमाचा भागाकार ८ × ०.०४४ ÷ ८ = ०.०४४ होतो, आणि आठही वॉर्ड 'दुरुस्तीनंतरही सार्थ' ठरतात. कागदावर सगळं नियमात, प्रत्यक्षात दुरुस्ती झालेलीच नाही. निवड आधीच ०.०५ वर केली, की त्याच मर्यादेने केलेली दुसरी गाळणी काही अडवतच नाही. उरलेली सोळा 'बिनकामाची' मूल्यं रांगेत का हवीत, ते इथे कळतं.

याच बिघाडाचं सभ्य रूप जास्त धोकादायक. कुणी वॉर्डवार तुलना लहान मुलं, प्रौढ आणि वृद्ध अशी तीन वयोगटांत करून पाहिली, त्यात प्रौढांचे आकडे 'छान' दिसले, म्हणून अहवालात फक्त प्रौढ आले. चाचण्या झाल्या ७२, मोजल्या २४. बोनफेरोनीची खरी मर्यादा मग ०.०००६९ होते आणि आपल्या उदाहरणातला फक्त कुर्ला टिकतो. जून ते सप्टेंबर की जुलै ते ऑक्टोबर, गेलं वर्ष की गेल्या तीन वर्षांची सरासरी, असे जितके पर्याय चाखून पाहिले तितक्या चाचण्या वाढल्या. अहवाल वाचताना ओळखायचं कसं? कालावधी किंवा वयोगट विचित्रपणे नेमका असेल आणि त्याचं कारण दिलेलं नसेल, तर बाकीचे पर्याय कुठे गेले ते विचारा.

दुसरा बिघाड पी-मूल्यातच असतो. डेंग्यू एकेका माणसाला सुटा होत नाही. एका चाळीत, एका बांधकामाच्या आवारात झुबक्याने येतो. वरची चाचणी प्रत्येक रुग्ण स्वतंत्र मानते. झुबके असले की वर्षावर्षातले चढउतार तिच्या अपेक्षेपेक्षा मोठे असतात आणि पी-मूल्यं खोटी लहान येतात. दुरुस्तीची कुठलीही पद्धत हे भरून काढत नाही, कारण ती पी-मूल्यं खरी आहेत असं धरूनच चालते. तपासायचा मार्ग आहे: बदल होणंच शक्य नाही अशी जोडी घ्या, उदाहरणार्थ एकाच पावसाळ्यातले सम तारखांचे आणि विषम तारखांचे रुग्ण, आणि तीच चाचणी २४ वॉर्डांवर चालवा. ०.०५ च्या खाली एखाद-दुसरं मूल्य यायला हवं. सहा-सात आली तर चाचणीच बदला, झुबक्यांना जागा देणारं मॉडेल वापरा. या परीक्षेत पास झाली म्हणून चाचणी निर्दोष ठरत नाही, कारण एकच झुबका सम-विषम दोन्हींत वाटला जातो. नापास झाली तर मात्र निकाल पक्का.

याला जोडून एक झटपट नजर: सगळ्या पी-मूल्यांचा स्तंभालेख काढा. जिथे काहीच बदललेलं नाही तिथली मूल्यं ० ते १ मध्ये साधारण सारखी पसरतात. खऱ्या बदलांची डावीकडे शून्याजवळ गर्दी होते. आपल्या रांगेत ०.५ च्या वर आठ मूल्यं आहेत. सपाट पसरलेल्यांपैकी निम्मी या उजव्या अर्ध्यात यायला हवीत, म्हणजे बदल न झालेले वॉर्ड साधारण सोळा असावेत. २४ मूल्यांवरून हा अंदाज ओबडधोबडच, पण दिशा कळते. गर्दी उजवीकडे १ पाशी दिसली तर मात्र थांबा, काहीतरी चुकलंय: एकतर्फी चाचणी उलट्या दिशेने लागली असेल किंवा रुग्णसंख्या फारच लहान असेल.

तिसरी अडचण शेजाऱ्यांची. एफ उत्तर आणि जी उत्तर एकमेकांना लागून आहेत, पाऊस दोघांवर सारखाच पडतो. त्यामुळे त्यांची मूल्यं एकत्र वरखाली होतात. एकाच दिशेने हलणाऱ्या अशा नात्यात बेंजामिनी-हॉकबर्गची हमी टिकते असं मानून चालतात, आणि बहुतेक व्यवहारात ते चालतं. नातं उलट्या दिशेचं असेल, म्हणजे एकाचं वाढलं की हिशेबानेच दुसऱ्याचं घटतं, तेव्हा जपून. प्रत्येक वॉर्डाची तुलना शहराच्या सरासरीशी केली की असं नातं तयार होतं, कारण तो वॉर्ड स्वतःही त्या सरासरीत असतो. २००१ मध्ये बेंजामिनी आणि येकुतिएली यांनी कुठल्याही नात्यात टिकणारी पद्धत दिली. तिच्यात ठरवलेल्या प्रमाणाला आणखी १ + १/२ + १/३ … + १/२४ या बेरजेने, म्हणजे सुमारे ३.७८ ने भागायचं. आपल्या उदाहरणात मग दोनच वॉर्ड उरतात आणि एम पूर्वही जेमतेमच: त्याचं दुरुस्त मूल्य ०.०४९८ येतं. इतकी किंमत मोजायची असेल तर होल्म बरी. इथे ती तीन वॉर्ड देते, आणि हमीही जास्त कडक.

चौथी गोष्ट छोटी, पण नेहमीची. पाच वॉर्डांच्या यादीत सरासरी पाच टक्के खोटे, ही हमी अख्ख्या यादीची आहे. त्यातला एकच वॉर्ड उचलून 'हा ९५ टक्के खात्रीने खरा' असं म्हणता येत नाही. शेवटून आत आलेला के पूर्व यादीत सर्वांत कच्चा आहे, आणि कुर्ला बराच पक्का.

काठावर राहिलेल्यांचं काय

एस, पी उत्तर आणि ई हे तीन वॉर्ड ५ टक्क्यांच्या यादीत आले नाहीत. तिथे काही वाढलं नाही असा याचा अर्थ घेऊ नका. पुरावा पुरेसा नाही, इतकाच तो अर्थ. तपासण्यांची संख्या कमी असलेल्या वॉर्डात खरी वाढही अशी काठावर अडकते, म्हणून पी-मूल्याशेजारी वाढ किती आणि तिचा विश्वास-अंतराल किती हे नेहमी द्या. पुढच्या पावसाळ्याचे नवे आकडे आले की या तिघांचीच चाचणी घ्या. प्रश्न आधीच ठरलेले आणि आकडे नवे, त्यामुळे भागायचं २४ ने नाही, ३ ने: होल्मची पहिली मर्यादा ०.०५ ÷ ३ = ०.०१६७. जुने आणि नवे आकडे एकत्र करून पुन्हा चाचणी घेतलीत तर ही सवलत जाते, कारण जुन्या आकड्यांवरूनच तर हे तीन निवडले होते.

अहवालात एवढं लिहिलं की पुरतं: '२४ वॉर्ड, प्रत्येकी एक दुतर्फी चाचणी, इतर कुठलाही वयोगट किंवा कालावधी तपासला नाही, बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धत, प्रमाण ५ टक्के, आकडे येण्याआधी ठरवलेली, पाच वॉर्ड निवडले.' आणि सोबत चोवीसही मूल्यांचा तक्ता जोडा, ०.९७ सकट.